शेवग्याची फुलं आणि कॅम्पातला भाव

नूतन देशमुखला कुणाला विचारून घराबाहेर पडायचा कंटाळा आला होता. नवरा साईनाथ अंबरनाथच्या कंपनीत अधिकारी. माणूस भला, पण घरातली स्कूटर सकाळीच घेऊन जायचा. मग नूतनला बदलापूरच्या खरवईहून कुठंही जायचं तर "अहो, सोडता का?" नाहीतर रिक्षा. सेहेचाळीस वर्षांची बाई, भाचीच्या स्कूटीवर गाडी शिकून बसलेली, आणि भाजीला जायला नवऱ्याची परवानगी! तिने जाहीर केलं, "होळीपर्यंत माझ्या पैशाने स्कूटीचं डाऊन पेमेंट भरणार." साईनाथ हसून म्हणाला, "भरलंस तर वर्षभर रविवारचा स्वयंपाक माझा." हे ऐकल्यावर तर तिला आणखीच चेव आला.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तिला फार दिवस छळत बसला नाही. जानेवारीत ती पडद्याचं कापड घ्यायला उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये गेली होती. तिथे हिरानंद नावाच्या सिंधी भाजीवाल्याच्या टोपलीत शेवग्याची फुलं दिसली. सिंधी लोकांचा जीव या फुलांवर. उकळून, पिळून, कांदा-टोमॅटोत परतून करतात, आणि हंगामात एकदा तरी खाल्ल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. नूतनने सहज भाव विचारला. हिरानंद म्हणाला, "दो सौ बीस किलो, अदी." अदी म्हणजे सिंधीत ताई.

नूतनचे डोळेच विस्फारले. कारण त्याच सकाळी हीच फुलं तिने सोसायटीच्या फाटकापाशी साठ रुपये किलोने घेतली होती! बारवी धरणाकडच्या पाड्यावरून भिकी यायची, डोक्यावर टोपली, तोंडात मिश्री. खरवईच्या लोकांना फुलांचं फारसं कौतुक नाही. शेंगा हव्यात, फुलं कशाला? त्यामुळे भिकीची फुलं पडेल भावाने जायची. एकाच झाडाची फुलं, एकच दिवस, आणि अंतर दोन स्टेशनांचं. तरी एकशे साठचा फरक!

नूतनने तिथल्या तिथे हिरानंदला विचारलं, "मी आणून दिली तर कितीला घ्याल?" त्याने डोकं खाजवलं, म्हणाला, "ताजा लाओगी तो एक सौ अस्सी." बाई घरी आली ती उड्या मारत. दुसऱ्या दिवशी तिने भिकीशी बोली केली: होळीपर्यंत जेवढी फुलं आणशील तेवढी मी घेणार, साठ रुपयांनी, एकही परत करणार नाही. भिकीला बाजारात उन्हात बसायचा त्रास वाचत होता. तिने लगेच टाळी दिली आणि म्हणाली, "ठरला, वैनी. होलीपत्तुर माझा शबुद."

आणि मग काय विचारता! नूतन सकाळी दहा किलो फुलं ओल्या कापडात गुंडाळायची, रिक्षा, गाडी, पुन्हा रिक्षा असं करत कॅम्पात पोचायची आणि जेवायला घरी. भाडं आणि वाटेत सुकून गेलेली फुलं धरली तर किलोमागे वीस रुपये जायचे, बाकी सगळं तिचं. फुलं पिकवायची नाहीत, तोडायची नाहीत. नुसती जिथे स्वस्त तिथे घ्यायची आणि जिथे महाग तिथे द्यायची. साईनाथ तिला "शेठाणी" म्हणू लागला. ती म्हणायची, "चिडवा, चिडवा. कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिका."

आता एवढं चांगलं चाललेलं असताना माणसाने काय करावं? तोंड मिटून बसावं. पण नूतनच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाण म्हणून नूतनने चक्क स्टीलचे डबे वाटले, बाकीच्यांनी प्लॅस्टिकच्या वाट्या. तिसऱ्या मजल्यावरच्या मालिनीने डबा उलटसुलट करून बघितला आणि गोड आवाजात विचारलं, "काय गं, लॉटरी लागली?" झालं. बाईसाहेबांनी कुंकवाची कोयरी हातात धरून सगळ्या जणींना फुलं, भिकी, हिरानंद, कॅम्पातला भाव, सगळं सविस्तर सांगून टाकलं. वर "सोप्पं आहे गं, कुणीही करेल" हेही म्हणाली. आणि कुणीही केलं.

मालिनीच्या नवऱ्याकडे मोटार होती. चार दिवसांत ती बदलापूरच्या बाजारातल्या रघु भाजीवाल्याकडून पोतंभर फुलं उचलून कॅम्पात गेली. तिच्या मागून आणखी दोघी. हिरानंदने नूतनचं स्वागत केलं ते हात वर करून. "अदी, आज डेढ सौ. आधा बदलापूर फूल लेके इधर खडा है. लोग खायेंगे कितना?"

नूतन चवताळलीच. "परवापर्यंत एकशे ऐंशी होता की!"

"परसों तुम अकेली थी," हिरानंद म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता. समोरच्या दोन गाड्यांवर फुलांचे ढीग होते. आठवडाभरात भाव एकशे चाळीसवर आला आणि तिथेच थांबला.

घरी येऊन नूतनने मालिनीचा उद्धार केला. साईनाथने शांतपणे चहा ओतला. "अगं, ती नसती तर दुसरं कुणी असतं. हिरानंदकडे फोन नाही का? बदलापूरला स्वस्त आहे हे कळायला त्याला कितीसा वेळ?" हे खरं होतं म्हणून नूतनला जास्तच राग आला. तरी तिने हिशेब केला. साठला घ्यायची, वीस खर्च, एकशे चाळीसला द्यायची. किलोमागे साठ अजून सुटत होते. भिकीने आणखी एक झाड धरलं होतं, फुलंही वाढली होती. होळीपर्यंत रेटलं तर डाऊन पेमेंट अगदी काठावर जमत होतं. स्कूटीचा रंगसुद्धा तिने ठरवून टाकला, मोरपिशी.

भिकी रोज सकाळी येत होती. टोपली ठेवायची, पैसे घ्यायची, जायची. पूर्वी ती पायरीवर बसून पाणी मागायची, सुनेच्या तक्रारी सांगायची. आता बसत नव्हती. नूतनला वाटलं, घाई असेल. आपल्याला फायदा होत असला की माणसाला बरंच काही दिसत नाही, त्याला नूतन तरी काय करणार!

होळीला दहाबारा दिवस राहिले असताना भिकी एक दिवस आलीच नाही. पाड्यावर लग्न होतं. हिरानंदला फुलं कबूल केलेली, म्हणून नूतन पहिल्यांदाच बदलापूरच्या बाजारात रघुकडे गेली. तोऱ्यात म्हणाली, "दहा किलो दे रे, साठने."

रघु खो खो हसला. "साठ? वहिनी, कुठल्या जमान्यात आहात? एकशे वीस. तेही संपत आलंय. कॅम्पवाले पहाटे टेम्पो घेऊन येतात, मालिनीमॅडम वेगळ्या. पाड्यावरच्या बायका आता फोनवर कॅम्पचा भाव विचारूनच टोपली खाली ठेवतात."

"कधीपासून?"

"झाले की पंधरा दिवस."

नूतन फुलं न घेताच बाजूला झाली आणि कांदेवाल्याच्या पोत्यावर बसली. एकशे वीसला घ्यायची, वीस खर्च, एकशे चाळीसला द्यायची. उरलं काय? शून्य. इकडे सगळ्यांनी घेऊन घेऊन भाव चढवला होता, तिकडे सगळ्यांनी विकून विकून उतरवला होता, आणि मधलं अंतर गाडीभाड्याएवढंच राहिलं होतं. दोन बाजारांमधली ती मलई कधीच संपली होती. मग गेले पंधरा दिवस किलोमागे साठ रुपये आपल्याला कुणाच्या खिशातून मिळत होते? ते बाजाराचे नव्हते. ते भिकीचे होते. मोरपिशी स्कूटीचं अर्धं चाक भिकीने भरलं होतं, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. नूतनला भर बाजारात रडू आलं. कांदेवाल्याला वाटलं कांद्यामुळे, त्याने पोतं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी भिकी आली. नूतन फाटकाबाहेर उभीच होती. "भिकी, बाजारात एकशे वीस भाव आहे. तुला माहीत होतं?"

"हां, म्हाइत व्हता की." भिकीने टोपली खाली ठेवली.

"मग मला का देत राहिलीस साठने? वेडी आहेस का तू?"

भिकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "येडी कशाला? शबुद दिलेला. होलीपत्तुर देनार व्हते. मना वाटला, तुमी रोज कॅम्पात जाताव, तुमाला समदा ठावं. बघत व्हते, वैनी आपल्या तोंडान कदी बोलतान." ती बाजूला मिश्री थुंकली. "होली झाली का मंग तुमचा तोंड नसता पाह्यला."

"मला खरंच माहीत नव्हतं गं," एवढंच नूतन म्हणाली, आणि ते किती पोकळ आहे हे तिला म्हणतानाच कळलं. ती आत गेली, पंधरा दिवसांचा फरक घेऊन आली आणि भिकीच्या हातात ठेवत म्हणाली, "आजपासून तू तुझ्या शब्दातून मोकळी." भिकीने नको-नको केलं नाही. नोटा न मोजता कनवटीला लावल्या.

संध्याकाळी साईनाथ म्हणाला, "म्हणजे होळीला स्कूटी नाही."

"नाही. आणि तुम्ही जिंकलात म्हणून नाचायची गरज नाही."

तो नाचला नाही. म्हणाला, "या रविवारी पिठलं मी करतो." पिठलं गुठळ्यांचं झालं, पण नूतनने दोनदा घेतलं.

सोमवारी सकाळी नूतन दार लावून आतच बसली होती. आता कशाला येईल ती? शब्दातून मोकळी झालेली, बाजार उघडा, तिथे जाऊन बसली तर एकशे वीस मिळतात. सात वाजले. फाटक वाजलं. भिकी पायरीवर येऊन बसली, टोपलीवरचं फडकं काढलं आणि ओरडली, "वैनी, पानी द्या! आनि आयका, आजपासून एकशेवीस. एक रुपाया कमी नाय."

नूतन तांब्या घेऊन बाहेर आली. "एकशेवीस? मग मला काय उरणार, माती? बाजारात जा, रांगेत बस, उन्हात भाजून घे. शंभर देते."

"शंभर? लाज वाटत नाय का?"

"तुला नाही वाटत ती!"

"एकशेपंधरा."

"एकशेदहा, आणि वर चहा."

भिकी तोंडावर पदर घेऊन खदखदा हसली आणि सुनेची तक्रार सांगायला लागली.