वाफ थांबत नाही

अडाण्याचा मला राग येत नाही. राग येतो तो माहीत करून घ्यायची लाज वाटणाऱ्याचा. भिवंडीतल्या ज्या डाईंगमध्ये मी इलेक्ट्रिकल विभाग सांभाळते, तिथे असा एक नमुना माझ्या डोक्यावर बसलेला होता. शेठचे जावई. हुद्दा डायरेक्टर.

कापड रंगवायला वाफ लागते, म्हणून आमच्याकडे मोठा बॉयलर आहे. त्याच वाफेवर आधी टर्बाइन फिरतं, टर्बाइनवर जनरेटर, आणि मग ती वाफ रंगाच्या मशीनकडे जाते. जनरेटर बाहेरच्या सबस्टेशनला दोन लाइनींनी जोडलेला. आमची वीज तिकडे, तिकडची इकडे, सगळं एका तालात.

या लाइनी नारपोलीच्या बाजूने येतात. तिथे गल्लीगल्लीत लूम, वर वायरींचं जाळं, खाली टेम्पो. शेजारच्या कुठल्यातरी लाइनवर फॉल्ट झाला की कधीकधी फॉल्ट ओळखणारा आमचा रिलेही फसायचा आणि ब्रेकर उगाच उडवायचा, आणि एक लाइन गेली की लोड कमी करावा लागायचा. डायरेक्टरांना ते सहन होईना. सणाची ऑर्डर चालू होती.

त्यांनी ठाण्याहून एक सल्लागार आणला. माणूस केबिनमध्ये शिरायच्या आधी त्याचं अत्तर शिरलं. टर्बाइन हॉल त्याने दारातूनच पाहिला, कारण आत गरम होतं. मग निदान केलं: "रिलेला जरा थांबायला शिकवा. ब्रेकर लगेच उडवणारी फास्ट ट्रिप बंद करा, वेळ वाढवा. बाहेरचे फॉल्ट बाहेरच मिटतील."

"आणि फॉल्ट आपल्याच लाइनवर, आपल्या दारात झाला तर?" मी विचारलं.

"तर थोडा उशिरा कटेल. दुसरी लाइन आहेच ना, मॅडम."

मी फळ्यावर गेले. एक टेकडी काढली आणि तिला मधोमध कापणारी आडवी रेघ. रेघ म्हणजे वाफेचा जोर, टेकडी म्हणजे जनरेटर बाहेर देऊ शकेल ती वीज. रोटर, म्हणजे जनरेटरचा फिरणारा भाग, बाहेरच्या तालाच्या जितका पुढे सरकतो, तितके आपण टेकडीवर उजवीकडे जातो. म्हटलं, "दारात फॉल्ट झाला की बाहेर जाणारी वीज जवळजवळ शून्य होते. वाफ थांबत नाही. वेग सांभाळणारा गव्हर्नर वाफेचा व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत खेळ संपलेला असतो. सगळा जोर रोटरला पळवण्यात जातो." रेघेखाली मी एक तुकडा रंगवला. "हा त्याने कमावलेला वेग. फॉल्ट कापला की टेकडी परत येते, पण एकाच लाइनची, म्हणजे बुटकी. रेघेच्या वर उरलेला तुकडा म्हणजे वेग परत करायची जागा. वरची जागा खालच्या तुकड्याएवढी मिळाली, तर रोटर डुलतो आणि ताळ्यावर येतो. कमी पडली, तर तो टेकडीच्या पलीकडे उतरतो. तिथे वाफेचा जोर पुन्हा जास्त, मग त्याला कोणी आवरू शकत नाही."

डायरेक्टर फोनमध्ये बघत होते.

"उशीर दोन्हीकडून खातो," मी म्हटलं. "खालचा तुकडा वाढतो आणि वरचा कमी होतो. वेळ दुप्पट केला तर रोटरचं सरकणं दुप्पट नाही, चौपट होतं. आपली मशीन लहान आणि हलकी. तिला एवढी सवड नाही." उपाय पण सांगितला: लाइनीच्या दोन्ही टोकांचा करंट ताडून बघणारा रिले बसवा. तो बाहेरच्या फॉल्टला हलत नाही आणि आपल्या फॉल्टला थांबत नाही. तोवर जनरेटरवरचा लोड उतरवा, म्हणजे रेघ खाली येईल.

सल्लागार हसला. "ये सब कॉलेज की बातें हैं."

"मॅडमना टेकड्या फार आवडतात," डायरेक्टर म्हणाले. मग केबिनमधली सगळी माणसं हसली. त्यातल्या एकालाही काय हसण्यासारखं होतं ते कळलं नव्हतं. मी लेखी विरोध दिला. सल्लागाराच्या माणसाने रिलेचं सेटिंग बदललं.

पुढचे काही आठवडे ट्रिप झाली नाही आणि पेढे वाटले गेले. सिगारेट ओढून अजून मेलो नाही म्हणून पेढे वाटावेत, तसे. मी घेतला नाही. त्याची पण चर्चा झाली.

मग एका दुपारी, जेवणाची सुट्टी संपत असताना, आमच्या गेटबाहेर कशेळीकडून आलेला एक कंटेनर मागे घेताना खांबावर गेला. वायरी एकमेकींवर आदळल्या. ड्रायव्हर वाचला, हे चांगलं झालं.

मी टर्बाइन हॉलमध्येच होते. दिवे एकदम मंद झाले. टर्बाइनचा आवाज चढला, उतारावर ब्रेक गेलेल्या गाडीसारखा. मी ब्रेकर उडायची वाट बघत होते. तो एरवी कळायच्या आत उडतो. या वेळी मला वाट बघितल्याचं कळलं.

मग ब्रेकर उडाला. दिवे आले, गेले, आले, गेले. जमिनीखालून कोणी घण घालावा तसे दणके बसू लागले. अॅमीटरचा काटा या टोकाहून त्या टोकाला.

"म्याडम, ही आता थांबाची न्हाय!" ऑपरेटर ओरडला. वज्रेश्वरीकडचा माणूस, एरवी शब्द मोजून बोलणारा.

"ताल सुटलाय, भाऊ. ट्रिप करा!"

त्याने लाल बटण दाबलं. वाफेचा व्हॉल्व्ह धाडकन बंद झाला, जनरेटरचा ब्रेकर सुटला. गोल गोल कमी होत जाणारा आवाज ऐकत आम्ही दोघं उभे राहिलो. कोणाला लागलं नव्हतं.

डायरेक्टर खाली आले ते रुमाल नाकाला लावून. "दुसरी लाइन तर चालू आहे. मग मशीन का थांबवली?"

"फॉल्ट कापला जाईपर्यंत रोटर खूप पुढे गेला होता. एका लाइनच्या ताकदीत तो मागे ओढला गेला नाही."

"पण लाइन चालू होती!"

त्यांनी हे वाक्य तीनदा म्हटलं. जनरेटरला ओरडून समजावता येतं असं त्यांना खरंच वाटत असावं.

मशीन बनवणाऱ्यांची माणसं आली, उघडून बघितलं. टर्बाइन आणि जनरेटर जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट तुटलेले, वाइंडिंगच्या टोकांची बांधणी सैल झालेली. सणाची ऑर्डर शेजारच्या डाईंगकडे गेली. सल्लागाराला फोन लावला, तर तो म्हणाला, "मी फक्त सुचवलं होतं." डायरेक्टरांनी मीटिंगमध्ये आधी कंटेनरवाल्याला दोष दिला, मग लूमवाल्यांना, मग "विभागात समन्वयाचा अभाव" आहे असं म्हणून माझ्याकडे पाहिलं. शेठनी माझा लेखी विरोध मागवून वाचला आणि नव्या रिलेची ऑर्डर माझ्या सहीने जाऊ दिली. जावई जागच्या जागी राहिला. जावई तो जावईच.

मीटिंग झाली त्या संध्याकाळी आईला घरी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "यवऱ्या शिकलेल्या मान्सांना यवरा कलला न्हाय?" मी म्हटलं, शिकलेली नाहीत, फक्त खुर्चीत बसलेली आहेत.

जनरेटर दुरुस्त होऊन आला. नवे रिले बसले. काही महिन्यांनी आमच्याच लाइनवर पुन्हा फॉल्ट झाला, पहिल्याइतकाच जवळ. ब्रेकर डोळ्याचं पातं लवायच्या आत उडाला. अॅमीटरचा काटा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, प्रत्येक खेपेला थोडा कमी, आणि जागेवर येऊन थांबला. ऑपरेटरने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. खाली कापड रंगत राहिलं, कोणाला काही कळलं नाही.

थोड्या वेळाने वरच्या केबिनमधून फोन आला. फॉल्टच्या झटक्यात डायरेक्टरसाहेबांचा एसी मध्येच बंद पडला होता. कोणाच्या निष्काळजीपणामुळे, याची चौकशी करून त्यांना कळवायचं होतं.

"बघते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. बघितलं नाही.