सहा महिन्यांचा डबा

...तर त्या बाटलीला बूच नव्हतंच, कापडाचा बोळा कोंबला होता. औषधाच्या खिडकीमागच्या धम्मरत्नभाऊने बाटली उजेडाकडे धरली आणि माझ्या वडिलांना विचारलं, "बाबा, याच्यात आधी काय होतं?"

"रॉकेल. पन राखेनं धुतली हाय चांगली."

तो हसला नाही की रागावला नाही. कपाटातून आपली एक कोरी बाटली काढली, त्यात गुलाबी मिक्श्चर भरलं, कागदाची पट्टी कातरीने दाते पाडून कापली आणि खळीने बाटलीला चिकटवली. एक दाता म्हणजे एक डोस. वडिलांनी ती बाटली घरी आणून कोनाड्यात देवाशेजारी ठेवली आणि ते रोज आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवत, "पाहा, तीन दाते उतरले." खोकला गेला की नाही ते मला आठवत नाही. पण ते दाते उतरताना बघायची आमची मजा अजून आठवते. काल इथपर्यंत सांगितलं होतं आणि चहा आला म्हणून राहून गेलं.

ही गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची. धम्मरत्न तेव्हा नवाच लागला होता, मिसरूडसुद्धा धड नव्हतं. आमच्या सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे तो तेव्हापासून बसला आहे. डॉक्टर आले, गेले. कोणी वर्षभर राहिला, कोणी बदलीचा कागद खिशात घेऊनच आला. खिडकी मात्र त्याचीच. दारावर पाटी आहे 'औषध निर्माण अधिकारी', पण आम्ही लोक त्याला कंपाउंडरच म्हणतो आणि तोही ओ देतो. पुढच्या वर्षी रिटायर होणार. मी चौथी शिकलेला माणूस, पण हा गेल्यावर त्या खिडकीकडे बघवणार नाही एवढं मला कळतं.

त्याच्या काही खोडी आहेत. गोळ्यांची पट्टी कापताना नाव आणि तारीख असलेला तुकडा तो शेवटपर्यंत जपतो. दिवसातून दोनदा असं तो कधीच सांगत नाही. म्हणतो, "एक ढोरं सोडायच्या आधी, एक दिवाबत्तीले." आणि लगेच म्हणतो, "आता तुमी मले सांगा." माणूस उलटं सांगेपर्यंत पुडी हातात देत नाही. मागे रांग ओरडत असते. माझ्या बी.पी.च्या गोळ्यांना मी महिन्याने जातो. काम पाच मिनिटांचं, मी बसतो दोन तास.

यंदा दिवाळी झाल्यावर असाच बसलो होतो. मानोऱ्याच्या रस्त्यावरच्या तांड्यावरून लालसिंग आला. हा माझ्या वर्गातला. पाढे त्याला येत, मला येत नसत. मी त्याच्या पाटीवरून टिपायचो आणि छडी दोघांना बसायची. बरोबर त्याची बायको गोमतीबाई, पायाला फडकं बांधलेलं. मागे सून संगीता, बारावी पास, हातात चकचकीत निळा डबा.

"जगदेवदादा, तू अजून जित्ता हायस?" गोमतीबाई म्हणाली.

"तुझ्या हातची भाकर राह्यली हाय खायाची," मी म्हणालो.

पण तिचा चेहरा उतरला होता. गोमतीबाईला सहा वर्षांपासून शुगर. तरी दर साली दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जाते, साताऱ्याकडे. चुलीतला निखारा पायावर पडला त्याला महिना झाला होता, जखम बुजत नव्हती. ट्रक तीन दिवसांनी निघणार होता. तिचा मुलगा धनराज म्हणजे संगीताचा नवरा, टोळीत त्या दोघांची कोयता-जोडी ठरलेली, म्हणजे तो तोडणार, ती मोळ्या बांधणार. आई इथे राहिली तर तिकडे फडावर नातवंडं कोणाकडे ठेवायची हाही प्रश्न होता.

आत डॉक्टरीणबाईंनी बोटाला सुई टोचून मशीन लावलं. उपाशीपोटी तीनशे बारा. त्यांनी चिठ्ठी लिहून खिडकीकडे पाठवलं. धम्मरत्नने चिठ्ठी वाचली, मग त्याचं जाडजूड रजिस्टर काढलं.

"गोमतीबाई, दसऱ्याच्या आधीपासून तुमी गोळ्या नाई नेल्या."

लालसिंग म्हणाला, "बंद केल्या. हे डब्ब्यातलं शुगरचं पावडर सुरू केलं."

"काहून?"

याचं उत्तर संगीताने दिलं, आणि खरं सांगतो, मला ते पटलं. दवाखान्यातून गोळ्या एका महिन्याच्या मिळतात. तिकडे उसाच्या फडावर पाचटाच्या कोप्या बांधून राहायचं, दवाखाना दहा मैल, गेलं तर म्हणतात तुमचं कार्ड इथलं नाही, आणि एक खाडा पडला की मुकादम बोलतो. दरवर्षी दुसऱ्या महिन्यात गोळ्या संपायच्या. हा डबा मात्र सहा महिन्यांचा. एकदा घेतला की गुढीपाडव्याला परत येईपर्यंत पुरतो. तांड्यावरच्या शुगरवाल्या बाया म्हणूनच त्यावर तुटून पडल्या. कंपनीचा माणूस मीटिंग घेऊन गेला, त्याने संगीताला डबे विकायला दिले. संगीताने पहिला आपल्या सासूला दिला, मग अजून अकरा घरी.

"मी फसवलं नाई काका," ती म्हणाली. "मी पाहून घेतलं. सरकारमान्य हाय. नंबर मी मोबाइलवर टाकून पाह्यला, चालू दाखवते."

तिने डबा फिरवून दाखवला. चौदा आकडे, वर त्या खाद्यवाल्यांचं चिन्ह. आता आमच्या भागात नंबर म्हणजे काय ते सांगायला नको. रेशनला नंबर, घरकुलाला नंबर, म्हशीच्या कानातल्या बिल्ल्यालासुद्धा नंबर. ज्याच्यावर नंबर ते सरकारने पाहिलेलं, असा आमचा हिशेब.

धम्मरत्नने माझ्याकडे हात केला. "दादा, तुमच्या खिशात बिस्किटाचा पुडा हाय ना? द्या."

मी दिला. अर्धा खाल्लेला होता. त्याने तो डब्याशेजारी ठेवला. "संगीता, याच्यावर पाह्य."

तिने पाहिलं. तेच चिन्ह, चौदा आकडे.

"हे खायच्या वस्तूचं लायसन हाय. कारखान्याले देतात. जागा पाहतात, स्वच्छता पाहतात, भेसळ नसावी, नको ते घातलेलं नसावं, लेबल बरोबर असावं. ते काम खरं हाय, मी त्याले नावं ठेवत नाई. पन हे पावडर शुगर उतरवते का, हे त्या लायसनसाठी कोनी विचारलं नाई. बिस्किटालेबी नाई विचारत."

"अन् गोळीले विचारतात?" लालसिंग म्हणाला.

"विचारतात. नवीन औषध येते तवा आधी मान्सायवर चाचन्या करून आकडे दाखवा लागतात, की या रोगावर हे काम करते अन् नुकसान इतकंच करते. मग परवानगी. मग बनवायचं लायसन येगळं." त्याने गोळीची पट्टी पुढे केली. "हे पाह्य, नावाच्या पुढं आय.पी. म्हंजे पट्टीवर जेवढा माल लिहिला तेवढा, औषधायच्या सरकारी पुस्तकाच्या नेमानं, हिच्यात भरला पाहिजे. इन्स्पेक्टर दुकानातून पट्टी उचलून तपासाले नेऊ शकते. कमी भरला त कंपनीवर केस."

"म्हंजे औषधात खोट निघतच नाई?" मी मुद्दाम टोकलं.

"निघते, दादा. म्हनून त इन्स्पेक्टर ठेवला."

रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं की आमचं कधी व्हायचं. धम्मरत्न म्हणाला, "माय, तुमच्याबी कामाचं हाय, ऐका."

संगीता हटणारी नव्हती. तिने डब्याच्या तोंडावर बोट ठेवलं. सोनेरी अक्षरात, गोल शिक्का मारल्यासारखं: क्लिनिकली प्रूव्हन. "हे तं खोटं लिहू नाई शकत ना?"

"त्या अक्षरायच्या कोपऱ्यात चांदनी दिसते का बारीक?"

"हो."

"तशीच चांदनी मागच्या बाजूले शोध."

ती शोधत राहिली. माझ्या चश्म्याने तर ते अक्षर दिसलंही नसतं. तिने मोबाइलने फोटो काढून मोठं केलं आणि वाचलं: मेथीच्या अर्काचा अभ्यास, चाळीस माणसं, आठ आठवडे. शेजारच्या चौकोनी खुणेवर मोबाइल धरला तर तो अभ्यासच उघडला. इंग्रजी. ती अडखळत वाचू लागली आणि एका ओळीशी थांबली.

"काय लिहिलं?" लालसिंगने विचारलं.

"लोकायनं आपल्या रोजच्या गोळ्या चालूच ठेवल्या होत्या," ती हळू म्हणाली. "अन् अर्क रोज एक हजार मिलिग्राम."

"आता डब्ब्यावर पाह्य, रोजच्या एका चमच्यात मेथीचा अर्क किती."

"शंभर."

"अभ्यास खरा असंल बी," धम्मरत्न म्हणाला. "पन तो या डब्ब्याचा नाई. मेथीच्या अर्काचा हाय, दहापट मात्रेचा, अन् गोळ्यांच्या जोडीले. प्रूव्हन शब्द कोनाचा, कशावर, किती मान्सायवर, हे ज्याचं त्याले इचारा लागते. अन् अजून एक वाच. तळाशी, मोठ्या अक्षरात हाय, कारन ते लिहाच लागते त्यायले."

संगीताने डबा उलटा केला. वाचलं. सासऱ्याने दोनदा विचारलं तेव्हा म्हणाली, "नॉट फॉर मेडिसिनल यूज. औषध म्हनून वापरू नका."

"कंपनीनंच लिहिलं?" गोमतीबाईने विचारलं.

"हो, आई."

गोमतीबाई स्वतःच्या पायाकडे बघत बसली. मग म्हणाली, "सून हुशार हाय म्हनून मी डोळे मिटून घेतलं. तिनं मह्या भल्यासाठीच केलं. कोनी तिले बोलू नका."

लालसिंगचं तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

धम्मरत्न आत डॉक्टरीणबाईंकडे गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण परत आला तेव्हा बाई बरोबर होत्या. जखम आठ दिवस रोज धुवायची, गोळ्या आजपासून, आठव्या दिवशी शुगर पुन्हा. तोवर ट्रक नाही. धनराज-संगीताने पुढे जावं, गोमतीबाई आणि नातवंडं जखम भरल्यावर रेल्वेने. गोळ्या बाईंनी दोन महिन्यांच्या दिल्या, आणि तिकडच्या दवाखान्यासाठी सही-शिक्क्याची चिठ्ठी लिहिली. औषधाचं नाव, मात्रा, कधीपासून चालू, सगळं. अशी चिठ्ठी मिळते हे लालसिंगला सहा वर्षांत माहीत नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. धम्मरत्नने ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि गोमतीबाईला म्हणाला, "आता तुमी मले सांगा."

"एक सकाळच्या भाकरीबरोबर, एक रातच्या. अन् पाय कोरडा ठेवाचा."

पुडी तेव्हाच तिच्या हातात गेली.

मला वाटलं, झालं. संगीता मात्र उभीच होती. डबा तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता, घ्यायलाही हात पुढे करत नव्हती. मी माझा बिस्किटाचा पुडा उचलून घेतला. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला उशिरा कळलं. तांडा शंभर घरांचा. सगळे एकमेकांचे सोयरे. अकरा घरांत तिच्या शब्दावर डबा गेला होता, आणि त्या अकरा जणींपैकी किती जणींनी सासूसारख्या गोळ्या सोडल्या असतील ते तिलाही माहीत नव्हतं. ट्रक तीन दिवसांनी निघणार होता.

"काका," ती म्हणाली, "आता मी त्या अकरा बायांले कोन्या तोंडानं सांगू?"

धम्मरत्नभाऊने पुढच्या म्हातारीची चिठ्ठी घेतली, रजिस्टरात नाव लिहिलं, आणि मान वर न करता म्हणाला, "ज्या तोंडानं विकलं त्याच तोंडानं सांग, पोरी, दुसऱ्या कोनाचं त्या ऐकनार नाईत. डब्बा समोरून वाचला होता, आता मागून वाचला, एवढंच सांग. अन् ज्यायनं गोळ्या सोडल्या त्या साऱ्यायले उद्या उपाशीपोटी घेऊन ये, नवाच्या आत. मी खिडकी आठलेच उघडतो."