पत्रिकेत न सापडणारी गोष्ट

श्रीगजाननाचे व कुलस्वामिनीचे स्मरण करून, तुळशीविवाहाच्या निमित्ताने हे लिहितो. वृंदावनापुढच्या उसाचा, आवळ्याचा वास आला की निपाणीतील आमच्या ओसरीवरची एक सकाळ आठवते. सदलग्याचे एक भाविक दांपत्य मुलाची पत्रिका जुळवायला आले होते, सोबत मुलगाही होता. आदल्या दिवशीच तो मला एकटा भेटून गेला होता. "गुरुजी, मला पुरुषच आवडत्यात. घरात सांगायची भीती वाटत्या. तुमी शेजारी बसला तर ऐकतील." मी बसलो. त्याने आई-वडिलांना सांगितले. आई देवघराकडे वळून हात जोडून म्हणाली, "कुठली शांत करायची, गुरुजी?" मी म्हणालो, "आक्का, हा दोष नव्हे, याला शांत नसते. पोर तुमचेच आहे. परक्या मुलीचा जन्म यात ओढू नका." वडील उठले. "तुमास्नी जमत नसंल तर दुसरे गुरुजी बघतो. चल रं." तो त्यांच्या मागे गेला. माघात त्याच्या लग्नाच्या अक्षता आमच्या घरी आल्या. मी त्या टाकायला गेलो नाही. आता हाती प्रार्थना तेवढी आहे: वाचकहो, तुमच्या घरातील लेकराला खरे सांगण्याचे भय न वाटो, आणि सांगून झाल्यावरही ते घर त्याचेच राहो.