डावी बाजू

इंग्रजांच्या शेवटच्या दिवसांत मी बुलढाण्याच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण होते. धामणगाव बढ्याच्या एका बाईच्या पोटात बैलानं शिंग खुपसलं होतं. ईथरनं तिला गुंगी आल्यावर, घशातलं झाकण उचलून मी स्वरतंतूंमधून रबरी नळी श्वासनलिकेत सारली. तरी ओठ निळे पडू लागले. छाती उजवीकडंच हलत होती. डावीकडं स्टेथोस्कोपमधून काहीच ऐकू येईना.

लढाईवरून परतलेले आमचे सर्जन म्हणाले, "नळी खोल गेली. श्वासनलिकेचा उजवा फाटा जास्त सरळ, ती त्यातच शिरते. ऐकत ऐकत मागं घ्या."

घेतली. डावीकडंही श्वास वाजू लागला, हळूहळू ओठांवर रंग आला.

पोटाचं ऑपरेशन झाल्यावर, वॉर्डात शुद्धीवर येताच बाईनं विचारलं, "डॉक्टरीणबाई, घसा काऊन दुखून राह्यला?"

तो घोगरा आवाज आणि वॉर्डातला ईथरचा वास अजून आठवतो. तेवढं गोड मला क्वचितच काही वाटलं.