फक्त तयार पावत्यांचे नंबर

आमच्या गल्लीत शिंपी एकच, आणि त्यांना सगळे ‘उद्या मास्तर’ म्हणतात. त्यांच्या तोंडावरसुद्धा म्हणतात. ते रागावत नाहीत, उलट मान डोलावतात.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. मध्ये प्लायवूडची एक भिंत, त्यामुळे सव्वीस वर्षं मी तो शब्द फुकटात ऐकतोय. मास्तरांचा हात मोठा गुणी. त्यांचा कोट चढवला की ढेरपोट्या माणसालाही आपण सैन्यातून निवृत्त झालोय असं वाटतं. पण कपडा कधी मिळेल असं विचारलं की ‘उद्या’. आणि तो उद्या उजाडला, गिऱ्हाईक दारात दिसलं, की मास्तर पडद्यामागे. काउंटरवर बसायच्या वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी. ‘बटणं लावायची राहिलीत’, ‘इस्त्री चालू आहे’, ‘कारागीर आजारी आहे’. दुकानात कारागीर कधी नव्हताच. तो बिचारा जन्माला न येताच वर्षातून चाळीस वेळा आजारी पडायचा.

मागच्या महिन्यात वहिनींनी मास्तरांना शिलाई मशीन थांबवायला लावलं आणि सांगितलं, “अहो, समोरच्या तयार कपड्यांच्या दुकानात काउंटरला बाई हवी आहे. एक तारखेपासून मी तिकडे जाते. तिथे कपडे आधीच शिवलेले असतात. खोटं बोलावं लागत नाही.”

मास्तर हसले. वहिनी हसल्या नाहीत. भिंतीपलीकडे मीही हसलो नाही, कारण त्या काउंटरवरून उठल्या तर दुकान आठवडाभरही टिकलं नसतं, हे मास्तर सोडून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

उपाय मास्तरांच्या लेकीने काढला. ती दुकानाचं इन्स्टाग्राम पान आधीपासूनच चालवत होती. त्याला एकोणीसशे फॉलोअर. फोटो कोटाचा असो की सुईचा, खाली प्रतिक्रिया एकच, ‘माझी पॅन्ट कधी?’ ती म्हणाली, “बाबा, आपण व्हॉट्सॲप चॅनेल काढू. कुणाचे कपडे तयार झाले ते रोज टाकायचं. लोक उगाच खेपा घालणार नाहीत, आईला बोलणी बसणार नाहीत.”

“चॅनेलवर लोकांना उत्तर देता येतं का?” मास्तरांनी विचारलं.

“नाही. आपण टाकायचं, त्यांनी वाचायचं. फार तर इमोजी देतील.”

मास्तरांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. आयुष्यभर त्यांना जे हवं होतं ते कुणीतरी फोनमध्ये घालून ठेवलं होतं.

आता फॉलोअरना आमंत्रण द्यायचं तर फोटोखाली मजकूर हवा. गल्लीत लिहिता येणारा माणूस म्हणून मला बोलावणं आलं. मास्तरांनी कच्चा मसुदा पाकिटाच्या मागे लिहून ठेवला होता. ‘आमच्या लाडक्या परिवारात सामील व्हा. खास ऑफर, फॅशनच्या टिप्स, पडद्यामागच्या गमतीजमती आणि रोज एक सरप्राइज.’

“ऑफर काय आहे?” मी विचारलं.

“अजून काही नाही.”

“फॅशनच्या टिप्स?”

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं, लेकीने छताकडे.

“पडद्यामागे तर हेच असतात,” वहिनी म्हणाल्या. “आणि कपडा वेळेवर मिळणं हेच आपल्याकडचं सरप्राइज. भाऊजी, जे खरंच येणार आहे तेवढंच लिहा. नाहीतर माझ्यासारखी आणखी एक खोटं बोलणारी बाई फोनमध्ये बसवल्यासारखं होईल.”

मग मी लिहिलं. सही वहिनींची घेतली, मास्तरांची नाही.

‘आम्ही व्हॉट्सॲपवर चॅनेल सुरू केलं आहे. त्यावर रोज सकाळी अकरा वाजता एकच संदेश येईल, त्या दिवशी तयार असलेल्या पावत्यांचे नंबर. काहीच तयार नसेल तर तसं लिहू. दुकान बंद राहणार असेल तर आदल्या दिवशी कळवू. ऑफर, शुभेच्छा, सुविचार येणार नाहीत. पावतीवरचा नंबरच टाकू, नाव नाही. तुमचा फोन नंबर इतर गिऱ्हाइकांना दिसत नाही. चॅनेलवर उत्तर देता येत नाही, काही विचारायचं असेल तर दुकानात या किंवा फोन करा. सामील झाल्यावर घंटेच्या खुणेवर बोट ठेवा, नाहीतर संदेश आल्याचं कळणार नाही. लिंक प्रोफाइलवर आहे.’

मास्तरांना लिंक मजकुरातच हवी होती. तिथे ती दाबली जात नाही, हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला. ‘रोज’ आणि ‘अकरा’ हे दोन शब्द मात्र त्यांनी वाचले तरी त्यांच्या डोक्यात शिरले नव्हते.

दोन दिवसांत तीनशे चाळीस जण आले. तिसऱ्या दिवशी अकराला तयार होतं शून्य. मास्तर तिला म्हणाले, “‘उद्या’ असं लिही.” लेकीने लिहिलं, ‘आज काहीही तयार नाही.’ सत्तावन्न जणांनी हसरे चेहरे पाठवले. पण दुकानात कुणीही आलं नाही. वहिनींनी कितीतरी वर्षांनी चहा गरम असताना संपवला.

घोळ झाला चौथ्या दिवशी. संदेश गेला, ‘तयार: ६११.’ मास्तर खुशीत होते. साडेअकराला निवृत्त पोस्टमन आले, हातात पावती ५४८. त्यांच्यामागे ५५२, ५६० आणि ५७१. सहाशे अकरा आधी कसा, एवढंच सगळ्यांचं म्हणणं. तोवर ज्याचा त्याचा ‘उद्या’ ज्याच्या त्याच्या खिशात होता. आता तीनशे चाळीस जणांना एकाच वेळी दिसलं की रांग मोडली आहे. मोडली होती मास्तरांच्या मेव्हण्याच्या जाकिटासाठी.

वहिनी काउंटरवरून उठल्या आणि त्यांनी पडदा बाजूला केला. “माझ्याच भावाचं जाकीट आहे,” त्या गिऱ्हाइकांना म्हणाल्या, “पण मधे घुसवलं यांनी. यांनाच विचारा.”

पडद्याबाहेर मास्तरांना मी पहिल्यांदाच इतका वेळ उभं पाहिलं. गळ्यातला टेप दोन्ही हातांनी धरून. पोस्टमन गेल्यावर ते स्टुलावर बसले. “मला नाही म्हणता येत नाही,” ते म्हणाले. “समोरचा माणूस इतक्या आशेने कापड पुढे करतो. उद्या म्हटलं की त्याचा चेहरा फुलतो.”

“आणि परवा तो माझ्यासमोर उतरतो,” वहिनी म्हणाल्या.

खरं सांगतो, दोघांचीही मला दया आली. पण बाजू विचाराल तर मी वहिनींच्या.

तीस तारखेला लेक कॉलेजात होती. पावणेअकराला मास्तर स्वतः फोन घेऊन माझ्याकडे आले. नंबर त्यांनीच टाकले होते, ५४८ आणि ५५२, अगदी क्रमाने. खाली आणखी एक ओळ लिहायची होती, ती त्यांनी सांगितली आणि मी टाइप केली. ‘हातातले कपडे पुरे होईपर्यंत नवीन कापड घेणार नाही.’

मी त्यांच्यामागोमाग त्यांच्या दुकानाच्या दारापर्यंत गेलो आणि अकराला मास्तरांनी संदेश पाठवला. वहिनींनी चॅनेलची घंटा चालू ठेवली होती. त्यांचा फोन वाजला. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, “फोनवर नाही म्हणणं सोपं आहे. तिथे चेहरा नसतो.”

तेवढ्यात एक तरुण मुलगी आत आली, कागदात गुंडाळलेलं निळं कापड घेऊन. पुढच्या आठवड्यात नोकरीची मुलाखत, कोट हवा होता. वहिनी मुद्दाम खुर्ची मागे सरकवून बसल्या. मास्तरांनी कापडावरून हात फिरवला. कापड चांगलं होतं, ते मला दारातूनही कळलं.

“नाही जमणार, बेटा,” ते म्हणाले. “मी घेतलं तर तुझ्या मुलाखतीला मिळणार नाही.”

मुलीने कापड परत गुंडाळलं आणि ती गेली. मास्तरांच्या कपाळावर घाम होता. “वाईट वाटलं असेल ना तिला?” त्यांनी विचारलं.

“वाटलं असेल,” वहिनी म्हणाल्या. “पण अजून आठवडा आहे तिच्या हातात. दुसरीकडे शिवून घेईल.”

त्यांनी फोन उचलला आणि समोरच्या दुकानाचा नंबर लावला. “एक तारखेला मी येणार नाही,” त्या म्हणाल्या. “आत्ताच सांगते, म्हणजे तुम्ही दुसरी बाई शोधू शकाल.”