टीव्हीचा बांधलेला आवाज

बनुबाईची झोप सावध. अंगणात शेळीनं कान झटकला तरी तिचा डोळा उघडायचा. नवऱ्याला, कानिफनाथला, मात्र उशाशी ढोल वाजवला तरी कमीच ऐकू यायचं. तरुणपणी विहिरींवर सुरुंग लावायच्या कामाला होता. तिथंच त्याचे कान गेले, पुरते नव्हेत, अर्धे. पुढं त्यानं घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली धरली. ते काम त्याला मानवलं, कारण तिथं भाव तोंडानं नाही, रुमालाखाली बोटांनी ठरतो. बैलाचा दात पाहिला, चाल पाहिली, रुमाल टाकला, की आजूबाजूच्या गलक्याशी त्याचं काही देणंघेणं नसायचं.

थोरल्या मुलानं, छगननं, रंगीत टीव्ही घेतला आणि घरात कटकट सुरू झाली. कानिफनाथ बाजारातून आला की रिमोट हातात घ्यायचा आणि बातम्यांचा आवाज ओसरीपर्यंत नेऊन ठेवायचा. बनुबाई आतल्या खोलीत कानावर पदर ओढून पडायची. तिला रक्तदाबाची गोळी चालू होती. पण त्याला तोंडावर कधी काही बोलली नाही. दिवसभर उन्हात उभा राहून आलेला माणूस, त्याला तेवढंच सुख, असं ती सुनेला म्हणायची.

आषाढातली दुपार होती. कानिफनाथ टीव्ही बघत असताना वीज गेली. तो वैतागून पाराकडं निघून गेला. टीव्हीचं बटण बंद करायचं राहिलं. बनुबाईला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली होती. तासाभरानं वीज आली आणि टीव्ही होता त्याच आवाजात एकदम किंचाळला. ती धडपडून उठली, उंबऱ्याला अडखळली आणि पडली. मनगट मोडलं. त्याहून वाईट म्हणजे छातीत अशी धडधड सुरू झाली की नगरला न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "यांना दचकू देऊ नका." कानिफनाथला मात्र ती उंबऱ्याला अडखळून पडली, एवढंच सांगितलं.

घरी आल्यावर छगननं टीव्ही दुरुस्त करणाऱ्या भीमराजला बोलावलं. बाजाराचा दिवस मुद्दाम निवडला होता. म्हातारा घरी नव्हता. भीमराजनं रिमोटचं एक बटण आणि टीव्हीवरचं एक बटण एकदम दाबून धरलं. पडद्यावर कधी न दिसलेली यादी उघडली.

"ह्याला हॉटेल मोड म्हणत्यात," तो म्हणाला. "लॉजवाले वापरत्यात, गिऱ्हाइकानं आवाज वाढवू नये म्हणून. हा आकडा म्हंजी जास्तीत जास्त आवाज. कितीबी दाबा, ह्याच्या वर जायचा न्हाई. आन हा दुसरा, चालू हुतानाचा. लाइट जाऊन आली तरी टीव्ही ह्याच आवाजात सुरू हुनार."

"मंग लावून टाका," छगन म्हणाला.

आवाज साठापर्यंत जायचा. भीमराजनं वीसवर बांधला, आणि सुरुवातीचा दहावर. मग त्यानं विचारलं, "आवाजाची पट्टी दिसू द्यायची का? निम्म्याच्या आत थांबलेली दिसंल. आबा इचारतील."

छगननं आईकडं पाहिलं. "आबांना सांगितलं तर दुसऱ्या दिशी उलटं करून घेतील. पट्टी बंद करा."

खाटेवर बसलेल्या, हात गळ्यात बांधलेल्या बनुबाईनं मान हलवली. त्या क्षणी तिला फक्त झोप हवी होती.

त्या संध्याकाळी कानिफनाथनं टीव्ही लावला. रिमोट दाबला, पुन्हा दाबला. खुर्ची पुढं ओढली. उठून टीव्हीवरचं बटण दाबत राहिला. शेवटी वळून म्हणाला, "आवाज बसला का काय ह्याचा?"

"न्हाई आबा, चांगला हाय की," छगन म्हणाला.

कानिफनाथनं बायकोकडं पाहिलं. आयुष्यभर जिच्या शब्दावर त्यानं पेरणीपासून सोयरिकीपर्यंत सगळं ठरवलं, तिच्याकडं. बनुबाई म्हणाली, "मला तर येतंय ऐकू."

कानिफनाथ खुर्चीकडं वळला. थोडा वेळ पडद्यावरचे हलते ओठ बघत बसला आणि टीव्ही बंद करून अंगणात गेला.

बनुबाईला झोप लागू लागली. धडधड थांबली. पण घरातला माणूस बदलत चालला. तो एकच गोष्ट दोनदा विचारायचा, उत्तर ऐकू आलं तरी खात्री नसल्यासारखा तोंडाकडं बघत राहायचा. कुणी हाक मारेल आणि आपल्याला कळणार नाही, म्हणून पाराकडं जाणं सोडलं. एकदा ज्ञानेश्वरी, त्याची सून, सासूला म्हणाली, "आत्या, आबा गोठ्यात एकटेच टाळ्या वाजवीत हुते. कानापाशी."

  बनुबाईचं आज सांगू, उद्या सांगू, असं करत पोळा उलटला.

मग एका बाजाराच्या दिवशी कानिफनाथ घरीच राहिला. रुमाल खुंटीला होता.

"आज जायाचं न्हाई?" तिनं विचारलं.

"गिऱ्हाइकं दुसऱ्या दलालाला लावून दिली. खर्ड्याचे, शेवगावचे, सगळे." तो जमिनीकडं बघत म्हणाला. "कान पार गेले, बने. बोटं कळत्यात. पन सौद्यानंतर मानूस बोलतो ना, बैल मारका हाय, बैल बसतो, ते ऐकाया चुकलं तर दोन घरांत भांडन लागंल. माझ्या शब्दावर कुनी फसाया नको."

 बनुबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं: भीमराज, वीसचा आकडा, बंद केलेली पट्टी. जोरात सांगावं लागलं, त्यामुळं स्वतःची लबाडी तिला स्वतःच्याच तोंडून मोठ्यानं ऐकावी लागली.

 "तुला दचकाया हुतंय, हे मला सांगितलं आसतं तर मी टीव्ही इकून टाकला आसता," तो म्हणाला. "मी इचारलं तवा तू काय म्हनलीस?"

"येतंय ऐकू म्हनले."

"ते खोटं नव्हतं," तो म्हणाला. "पन तुला म्हाईत हुतं मी काय इचारतोय."



छगननं भीमराजला पुन्हा आणलं. सुरुवातीचा आवाज दहावरच ठेवला, जास्तीत जास्त पस्तीस केला, पट्टी दिसू लागली. कानिफनाथनं सगळं नीट समजून घेतलं, एकदाही आवाज चढवला नाही. पुढच्या बाजाराला तो रुमाल खांद्यावर टाकून गेला. पण लोक नव्या दलालाच्या भोवती उभे होते. कानिफनाथ म्हाताऱ्याला ऐकू येईनासं झालंय, हे त्यानंच स्वतःच्या तोंडानं सगळीकडं सांगितलं होतं. आता उलटं सांगायला गेला तर लोक समजुतीनं माना हलवायचे आणि आणखी मोठ्यानं बोलायचे. दुपारच्या आत तो परत आला. मग गेला नाही.

टीव्ही संध्याकाळी लागतो, पस्तीसच्याही खाली. बनुबाईला आता झोप येते, पण ती जागीच पडून राहते. बाहेरून तो विचारतो, गाईला पाणी दाखवलं का, दार लावलं का. ती हो म्हणते. मग तो सुनेला हाक मारून तेच पुन्हा विचारतो.