डोमाजींचा ‘का घेतला’चा रकाना

भंडाऱ्यात माझी शेअर दलालीची छोटी शाखा आहे. दोन संगणक, चार खुर्च्या, भिंतीवर एक टीव्ही. आमचं पोट दलालीवर चालतं, म्हणजे गिऱ्हाईक जितकं घेईल-विकेल तितकी आमची कमाई. त्यामुळे एखाद्याला ‘जरा थांबा, विचार करा’ म्हणणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं. तरी डोमाजी गजभिये यांना मी तो सल्ला दिला, कारण मला त्यांचा राग येत होता.

राग अशासाठी, की माणूस हुशार, तरी पैसे घालवत होता. वरठीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं क्रेन चालवलेली. रिटायर झाले, त्याच वर्षी पत्नी मंगलाबाई गेल्या. मुलगी दीपमाला पुण्याला, रविवारी फोन करते. वरठीच्या घरात हे एकटे. रोज सकाळी डबा घेऊन मोटरसायकलवर भंडाऱ्याला यायचे, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे आणि बाजार बंद झाला की डबा धुऊन परत जायचे. मोबाइलवरून सौदे तर घरूनही होतात. पण घरी कोण आहे?

रिटायरमेंटच्या पैशांतले तीन लाख त्यांनी बाजारात लावले होते. ‘दोनच्या खाली गेले तर खातं बंद,’ असं दीपमालाने वदवून घेतलं होतं आणि त्यांनी शब्द दिला होता. दिलेला शब्द मोडणाऱ्यांतले ते नव्हते. वर्षभरात रक्कम सव्वादोनवर आली, तेव्हा मला दिसलं की आता एक-दोन चुका झाल्या की हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे, हाच प्रश्न उरेल. त्यांनाही ते दिसत होतं. बोलत नव्हते, पण डबा अर्धा परत नेत होते.

मी एक वही त्यांच्या पुढ्यात टाकली. रकाने मीच आखले. तारीख, शेअर, का घेतला, काय झालं तर आपलं चुकलं असं समजायचं, का विकला.

“काका, एक अट,” मी म्हटलं. “का घेतला ते घेण्याच्या आधी लिहायचं. नंतर लिहिलं तर मन सोयीचं कारण शोधून देतं.”

“वर्षभर घेऊन राहिलो, बाई, अन् आता कारणं लिहू?”

“वर्षभर घेत राहिलात म्हणूनच.”

पहिल्या आठवड्यातली कारणं पाहून मी कपाळाला हात लावला. ‘चांगला वाटला.’ ‘वर जाईल.’ ‘बातमी चांगली.’ मी म्हटलं, काका, हे काय पोरगी पाहायला गेलात? चांगली वाटली म्हणे! कारण असं लिहा की उद्या ते खरं की खोटं हे तुम्हालाच पडताळता येईल.

हळूहळू हात बसला. ‘मागच्या दोन वेळा याच भावापाशी घसरण थांबली, आजही थांबली, उलाढाल वाढली. याखाली बंद झाला तर माझं चुकलं.’ असं लिहायला लागले. आणि दिवसअखेरीस भाव तसा खाली बंद झाला, की दुसऱ्या दिवशी मुकाट विकून मोकळे. तोटा व्हायचा, पण नखाएवढा. तोटा झाला म्हणजे सौदा चुकीचा होता असं नाही आणि नफा झाला म्हणजे बरोबर होता असंही नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं.

मात्र काही पानांवर ‘बातमी चांगली’ येतच राहिलं. त्या ओळींत चुकल्याची खूण सांगणारा रकाना कोरा आणि ‘का विकला’ही कोरा, कारण ते शेअर विकलेलेच नसायचे. पडत पडत तळाला जाऊन बसलेले.

“ही बातमी कुठं वाचता?” एकदा विचारलंच.

डोमाजी चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “विनोद सांगते.”

विनोद म्हणजे त्यांचा कारखान्यातला सोबती. डोमाजी वर क्रेनच्या केबिनमध्ये, विनोद खाली जमिनीवर. वरून माल नीट दिसत नाही, म्हणून खालच्याने हाताने खुणा करायच्या आणि वरच्याने त्याप्रमाणे उचलायचं, सरकवायचं, उतरवायचं. इतकी वर्षं डोमाजींनी त्या हाताकडे पाहून टनावारी लोखंड हलवलं, एकालाही खरचटलं नाही. विनोद आता नागपूरला मुलाकडे असतो. रोज दहाच्या सुमारास त्याचा फोन यायचा. “डोमाभाऊ, पाइपवाली कंपनी घ्या. टीव्हीवर सांगून राहिले.” अर्ध्या तासाने पुन्हा, “घेतला का?” आणि डोमाजींनी घेतलेला असायचा.

“मग ‘विनोद’ असंच लिहा ना रकान्यात,” मी म्हटलं. “वहीशी कसली लाज?”

त्यांनी लिहायला सुरुवात केली. शनिवारी बाजार बंद असतो, पण मी शाखा उघडते. तिमाही संपली त्या शनिवारी आम्ही दोघांनी सगळे सौदे कारणांप्रमाणे वेगळे केले. कुठला शेअर हे पाहायचंच नाही, फक्त कशामुळे घेतला ते पाहायचं. त्यांच्या स्वतःच्या कारणांचे निम्मे चुकलेले, तरी बेरीज थोडी वरच. ‘विनोद’च्या ढिगात दोन-तीन चांगले लागले होते, म्हणून तर विश्वास टिकला होता. पण एकूण तोटा जवळजवळ सगळा त्याच ढिगात.

“तो घ्याचं सांगते, इकाचं कधी सांगत नाही,” डोमाजी म्हणाले. “अन् मी वाट पायत रायतो. ज्याच्या सांगण्यानं उचललं, त्याच्याच सांगण्यानं ठेवाचं, अशी सवय हाये मले.”

“तर आता ऐकायचं नाही. एवढंच.”

“एवढंच,” ते म्हणाले आणि वही मिटली.

भीड भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. मी ते डोमाजींना ऐकवलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले. मला कळायला हवं होतं. त्या माणसाला दिवसभरात येणारा फोन तो एकच होता. ती चूक टाळायची म्हणजे तो फोन टाळायचा, हे त्यांनी त्याच क्षणी पाहिलं असणार. मी नाही पाहिलं.

सोमवारी विनोदचा फोन आला. “घेतला का?” डोमाजींनी मान वर न करता “हो” म्हटलं. घेतला नव्हता. मंगळवारीही तसंच. बुधवारी फोन वाजला तेव्हा ते नुसते त्याच्याकडे पाहत राहिले. “खोटं बोलून राहिलो मी त्याच्याशी,” मला म्हणाले. “खाली उभ्या असलेल्या माणसाले वरून खोटं सांगू नाही.”

गुरुवारी ते वरठीच्या स्टेशनवरून गाडीने नागपूरला गेले. तोंडावर सांगायचं ठरवून. सोबत वही घेतली होती, म्हणजे भांडण नको, हिशेब दाखवू. तिथे काय झालं ते मला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यांत.

सुनेने दार उघडलं आणि ती नोकरीला निघून गेली. मुलगा आधीच गेलेला. विनोद बाजाराच्या चॅनेलपुढे बसला होता, टीव्हीचा आवाज बंद. डोमाजींनी वही उघडली, ढीग दाखवला, नीट समजावलं. विनोद ऐकून घेत होता. मग डोमाजींनी सहज विचारलं, “तुह्या पाइपवाल्याचं काय झालं? तू कितीले इकला?”

विनोद टीव्हीकडे पाहत म्हणाला, “माह्यं खातंच नाही, डोमाभाऊ. पोरानं बंद केलं. दोन दिवाळ्या झाल्या.”

“मंग मले कायले सांगत होतास?”

“सकाळी सारे निंघून जातात,” विनोद म्हणाला. चहा करायला आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

डोमाजी रागावले होते का? मी विचारलं. आपल्या पैशांची माती झाली, खातं जायची वेळ आली, कुणालाही राग येईल. मला तर आला होता. ते म्हणाले, “राग आलता, बाई. जिना उतरेपर्यंत होता.”

त्यानंतर विनोदचा फोन आला नाही. शरम वाटली असावी. चोरी पकडली गेल्यासारखा तो गप्प झाला. दहा वाजले की डोमाजी मोबाइल उलटा करून ठेवायचे, थोड्या वेळाने पुन्हा सरळ करायचे. ‘बातमी चांगली’ छापाचे जुने शेअर त्यांनी एका दिवसात विकून टाकले. ‘का विकला’मध्ये लिहिलं, ‘ठेवण्याचं कारण माझ्याकडे नाही.’ असं स्वच्छ वाक्य मी माझ्या गिऱ्हाइकांत दुसऱ्या कुणाचं वाचलेलं नाही. रक्कम दोन लाखांच्या जरा वर येऊन थांबली. पुढचे सौदे मोजके, सगळे त्यांच्या हिशेबाने. महिनाअखेरीला पहिल्यांदाच रक्कम वर सरकलेली दिसली. खातं वाचलं.

“काका, पेढे!” मी ओरडले.

“हो नं,” ते म्हणाले. आणि आजूबाजूला पाहिलं. माझ्या शाखेत त्या वेळी एक पोरगा आधारचे कागद घेऊन उभा होता, बस्स. इतकी चांगली गोष्ट झाली आणि सांगायला माणूस नाही, असा त्यांचा चेहरा झाला. मला फार वाईट वाटलं. वही मीच त्यांच्या गळ्यात मारली होती. ती बरोबर होती आणि तिच्यामुळेच ते आणखी एकटे झाले होते.

पुढच्या आठवड्यात एक दिवस बाजारात काहीच हलत नव्हतं. डोमाजींनी डबा खाल्ला, धुतला. मग मोबाइल घेऊन नंबर लावला. कानाला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवरच बोलतात.

“विनोद, साखरेचा शेअर कसा हाये?”

विनोद बोलला, दबकत. साखरेचं असं हाये डोमाभाऊ, इथेनॉलचं तसं हाये. बोलता बोलता त्याचा आवाज मोकळा झाला. डोमाजी “हं, हं” करत होते. मी डोळे वटारले. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. त्या दिवसाचं पान कोरं होतं.

“मंग, घेऊन राहिले का?” शेवटी विनोदने विचारलं.

“नाही. मी नाही घेत.”

“घ्याचा नाही तं मंग फोन कायले केला?”

पंखा फिरत होता आणि टीव्हीवर आकडे सरकत होते.

“करमत नाही रे मले,” ते म्हणाले.

फोन कापला की काय, म्हणून मीच स्क्रीनकडे पाहिलं. कापला नव्हता.

“मले बी,” विनोद म्हणाला.